निबंध तपासायचा कसा?

मुलांनो, निबंध लिहून झाला की तुम्ही काय करता? वही मिटता! फार तर एकदा नजर फिरवता. त्या नजरेला चुका सापडत नाहीत.

आमच्या डोलवीच्या वर्गातल्या एका मुलीने लिहिले होते : ‘माझे काका पेणला शाडूच्या मुर्ती. काल त्यांनी मुर्ती उन्हात सुकत ठेवले. येताना मीठाचे ढीग दिसले.’

मी म्हटले, “मोठ्याने वाच.” तिने घडाघडा वाचले, ‘काका पेणला शाडूच्या मूर्ती करतात.’ ‘करतात’ हा शब्द वहीत नव्हताच! मनात होता, म्हणून तोंडातून आला. असेच होते बघा, आपले लिखाण आपल्याला पाठ असते. मग मी तिला प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचायला लावले. बोट ‘मुर्ती’वर आले, पुढे पूर्णविराम! ती हसायलाच लागली. या पहिल्या वाचनात फक्त गळलेले आणि दोनदा पडलेले शब्द पाहायचे. दुसरी चूक दिसली तरी तिथे थांबायचे नाही. थांबलात की वाक्याचा धागा सुटतो आणि पुढचा गळलेला शब्द निसटतो.

दुसरे वाचनही मोठ्यानेच, पण कान फक्त क्रियापदाकडे. ‘त्यांनी मूर्ती ठेवले.’ कानाला खटकते ना? कर्त्याला ‘नी’ लागला आहे, म्हणून विचारायचे : काय ठेवले? मूर्ती. त्या मूर्ती, म्हणून ‘ठेवल्या’.

तिसरे वाचन ऱ्हस्व-दीर्घाचे, आणि इथे मोठ्याने वाचून काही उपयोग नाही. ‘मीठाचे’ म्हणा की ‘मिठाचे’, बोलताना फरक कुठे कळतो? तेव्हा गप्प बसून, शेवटच्या शब्दापासून उलटे, एकेक शब्द पाहत यायचे. उलटे वाचले की अर्थ लागत नाही, नुसती अक्षरे दिसतात. ‘मीठ’मध्ये शेवटचे अक्षर अकारान्त, म्हणून त्याच्या आधीची वेलांटी दुसरी. प्रत्यय लागला की ती पहिली होते : मिठाचे, मिठागर. तसेच फूल, पण फुलाला. मात्र ‘दूत’सारख्या संस्कृतातून आलेल्या शब्दांना हे लागू नाही, तिथे ‘दूताला’च. ‘मूर्ती’चा मूही तसाच दीर्घ. शंका आली की शब्दकोश उघडा.

पालकांनो, पहिले वाचन तुम्ही केलेत तर उत्तमच. मुलाच्या मनातला शब्द तुम्हाला ठाऊक नसतो, त्यामुळे तुम्ही नेमके अडखळता. पण वहीत दुरुस्ती करू नका हं! जिथे अडखळलात तिथे समासात एक बारीक टिंब द्या आणि वही परत करा.

परीक्षेत मोठ्याने वाचता येत नाही. तिथे नुसते ओठ हलवा, पण पेन्सिलीचे टोक प्रत्येक शब्दाखालून न्या. आणि वेळ एकाच वाचनापुरता उरला असेल, तर पहिले वाचन करा. पहिली-दुसरी वेलांटी चुकली तरी वाक्य कळते. ‘करतात’ गळले, तर काका पेणला मूर्तींचे काय करतात हेच कळत नाही!