लेबलविरहित बाटली

बांधावरचे तण जाळण्यासाठी पाव लिटर औषध मागणाऱ्या कर्जतकडच्या एखाद्या अल्पभूधारकाला दुकानदाराने मोठ्या डब्यातील पॅराक्वाट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले आणि घरी कोनाड्यात ठेवलेल्या त्या बाटलीतून कोणी तहानेच्या भरात घोट घेतला, तर दोष घोट घेणाऱ्याचा की ओतून देणाऱ्याचा, या प्रश्नाचा विचार सावकाश केला पाहिजे.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबल नसलेले कीटकनाशक विक्रीस ठेवताच येत नाही, आणि तणनाशकही याच नियमांखाली येते. लेबलावरील चौकटीचा रंग विषाची प्रत सांगतो: लाल अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य, म्हणजे ज्याला अक्षर लागत नाही त्यालाही निदान रंगावरून सावध होता यावे.

परंतु लेबलाचा खरा वाचक पुष्कळदा डॉक्टर असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट विषात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, आणि ॲट्रोपिन हा त्यावरचा प्रसिद्ध उपाय होय. पॅराक्वाटवर मात्र खात्रीचा उतारा नाही, तोंड सोलवटते, पुढे मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होऊ लागतात, आणि एरवी जीवदायी ठरणारा प्राणवायू गरजेवाचून दिल्यास फुप्फुसांची हानी वाढते. निनावी बाटली हाती आलेल्या डॉक्टराला या दोन परस्परभिन्न वाटांपैकी कोणती धरावी, हे केवळ लक्षणांवरून, तेही मोलाचा वेळ गमावून, ठरवावे लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस माणसे दगावली, तेव्हा अनेक औषधे एकत्र कालवून फवारण्याचा प्रघातही चर्चेत आला. कालवलेल्या औषधाला एकच लेबल कुठले असणार?

जबाबदारीचा निवाडा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ करतो. कलम ८४ प्रमाणे पुरेशी सूचना वा इशारा न देणारा उत्पादक उत्तरदायी ठरतो. पण येथे तो म्हणेल की माल माझ्या हातून निघाला तेव्हा इशारा शाबूत होता, फेरबदल नंतर झाला. हे म्हणणे रास्त आहे, आणि म्हणूनच कसूर कलम ८६ खाली विक्रेत्याकडे वळते, कारण उत्पादकाचा इशारा गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचविणे, आणि त्यामुळेच इजा होणे, हे तेथे स्पष्ट नमूद आहे. औषध विषारी असते हे सर्वांना ठाऊकच असते, हा बचाव लंगडा आहे. विष आहे एवढे ठाऊक असणे निराळे, आणि उतारा नाही हे ठाऊक असणे निराळे.

तेव्हा खरेदीची पावती जपून ठेवा, सुटे औषध घेऊच नका, विषबाधा झाल्यास डबा किंवा बाटली रुग्णासोबतच रुग्णालयात न्या, आणि अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, हे विसरू नका.