अंगठा तिचा, मजकूर कुणाचा?



आपल्या म्हाताऱ्यांचा अंगठा आजवर कुठंकुठं उठलाय, आठवा जरा. सावकाराच्या वहीत, मुकादमाच्या उचलीच्या कागदावर. (एकलव्याला राहू द्या, तो कवितेत पुष्कळ झाला.) पण मृत्युपत्राच्या बाबतीत कायदा एक सवाल टाकतो, जो सावकारानं कधी टाकला नाही: बाई, वर काय लिहिलंय ते तुला ठाऊक होतं का?

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं ६३ वं कलम बौद्धांच्या मृत्युपत्रालाही लागू आहे. त्यात सहीच पाहिजे असं नाही, निशाणी चालते. दोन साक्षीदार लागतात. त्यांनी तिला अंगठा उठवताना पाहिलेलं असावं, किंवा तिनं स्वतः त्यांना 'हा माझा अंगठा' असं सांगितलेलं असावं. आणि त्यांनी तिच्यादेखत सही करावी. एवढ्यानं कागद तयार होतो. कोर्टात टिकतो की नाही, ही गोष्ट वेगळी.

कारण अंगठा सांगतो माणूस कोण ते. मनात काय होतं ते सांगत नाही. सही करणाऱ्यानं कागद वाचला असेल असं कोर्ट धरून चालतं. निरक्षर बाईबद्दल तसं धरता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं, की मृत्युपत्र पुढं करणाऱ्यानंच सगळा संशय फेडायचा. ज्याला फायदा मिळतो तोच कागद करवून घेण्यात पुढं असला, तर संशय वाढतो.

आता समजा, एक म्हातारी आहे. धुणीभांडी करून जागा घेतली, वर पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. मुलगा दारूत. मुलगी नवऱ्यानं टाकलेली, आईचं हगणंमुतणं तिनंच काढलं. मृत्युपत्र नसेल तर दोघांना निम्मं निम्मं. म्हातारीला सगळं मुलीला द्यायचंय. मुलगी तिला रिक्षात घालून कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे नेते. तो 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' असला छापील मजकूर काढतो. खाली ठरलेली ओळ: 'वाचून दाखविले, समजले.' चहाच्या टपरीवरचे दोघे सह्या ठोकतात. म्हातारी अंगठा उठवते.

पुढं ती मरते. मुलगा कोर्टात जातो. हयात असेल तर साक्षीदारांपैकी एकाला तरी पिंजऱ्यात उभं करावंच लागतं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. वकील विचारतो: वाचून कुणी दाखवलं? बाई त्यावर काय म्हणाली? मुलाला का वगळलं? साक्षीदार म्हणतो, "मी सही केली साहेब, वाचताना मी नव्हतो." खेळ खलास. मृत्युपत्र खरं होतं. म्हातारीची इच्छाही खरीच होती. तरी हरलं, कारण समजल्याचा पुरावा टाइप केलेल्या एका ओळीपलीकडे कुठंच नव्हता.

मग करायचं काय? मजकूर तिच्या बोलीत लिहा. 'स्थावर मिळकत' नको, 'नळाकडची खोली' म्हणा. नंबर, चतुःसीमा खाली जोडा. मुलाला का नाही, तेही तिच्याच शब्दांत येऊ द्या. वाचणारा तिसराच हवा, ज्याला यातून फुटकी कवडी मिळणार नाही. मुलीला त्या वेळी बाहेर बसवा, राग आला तरी. आणि वाचून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका. साहेबापुढं आपल्या आया त्याला "व्हय" म्हणायलाच शिकल्यात. विचारा, "आजी, कुणाला काय दिलंस? दादाचं काय?" ती बोलेल ते दोन्ही साक्षीदारांनी ऐकावं. वाचणाऱ्यानं आपलं नाव लिहून, कोणत्या भाषेत वाचलं ते लिहून सही करावी. साक्षीदार तिच्याहून बरेच तरुण निवडा. तिच्यानंतर कोर्टात यायला ते जिवंत पाहिजेत. तुम्ही पंचविशीतले आहात, तुम्हीच उभे राहा.

अंगठ्याचंही एक आहे. राख, सिमेंट, सोडा यांनी हातावरच्या रेषा झिजतात. शाई जास्त झाली की नुसता काळा डाग उठतो, मग तज्ज्ञ त्यावर काय बोलणार? हात धुऊन, पुसून, शाई पातळ लावून प्रत्येक पानावर ठसा घ्या. शेजारी 'निशाणी, डाव्या हाताचा अंगठा' असं लिहून तिचं नाव घाला, आणि ते कुणी लिहिलं त्याची सही.

नोंदणी सक्तीची नाही, पण करा. दुय्यम निबंधकाकडे फोटो निघतो, ठसा उठतो, त्यामुळे 'ती बाई हीच नव्हे' म्हणायची सोय राहत नाही. पण तिथला बाबू घाईत "अंगठा तुमचाच ना?" एवढंच विचारून शिक्का मारतो, तेव्हा समजल्याचा पुरावा तयार होत नाही. तेव्हा त्याच्या टेबलासमोर म्हातारीलाच बोलू द्या. मागं रांग खोळंबली तर खोळंबू द्या.