नऊशे मिलिमीटरचा एक दिवस

शेततळ्यांच्या अंदाजपत्रकांत एक आकडेमोड मला वारंवार दिसते, आणि दर वेळी तीवर कुणा ना कुणा अधिकाऱ्याची सही असते. पाणलोट क्षेत्रावरून तळ्यात किती पाणी वाहून येईल हे काढण्यासाठी ‘कर्व्ह नंबर’ पद्धत वापरलेली असते. सूत्र बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर, उत्तर मात्र हास्यास्पद. कारण सूत्रात पावसाच्या जागी संपूर्ण हंगामाचा पाऊस घातलेला असतो. ही लेखनिकाची चूक नव्हे. आता ती कार्यपद्धतीच झाली आहे, आणि तिची किंमत शेतकरी मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही पद्धत अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने १९५० च्या दशकात शेतजमिनीच्या लहान पाणलोटांसाठी सिद्ध केली. सूत्र असे:

```
S = 25400/CN − 254
Q = (P − Ia)² / (P − Ia + S)
```

P म्हणजे एका दिवसाचा पाऊस, Q म्हणजे त्यातून वाहून जाणारे पाणी, म्हणजे अपधाव; दोन्ही मिलिमीटरमध्ये. CN हा माती, पीक आणि मशागत पाहून कोष्टकातून घ्यायचा अंक. S ही जमिनीची पाणी धरून ठेवण्याची कुवत. Ia म्हणजे पाणी वाहू लागण्यापूर्वी पाने, खळगे आणि कोरडी माती जो पाऊस गिळतात तो. P हा Ia पेक्षा कमी असेल तर अपधाव शून्य. सूत्रातील जमीन एका पावसात भरते. दोन पावसांमध्ये ती सुकते, भेगाळते, पिके पाणी ओढतात, हे सूत्राला ठाऊक नाही. म्हणूनच ते दिवसाच्या पावसासाठी आहे.

उदाहरणासाठी माळव्यातील काळी जमीन घेऊ. देवास-इंदूरकडच्या मराठी वाचकांना ती परिचित आहे, आणि देवास जिल्ह्यात २००६ पासून शेततळ्यांची मोठी मोहीमही झाली. पाणलोट एक हेक्टर, शेताला चांगली बांधबंदिस्ती. आपल्याकडील कोष्टकात अशा जमिनीचा अंक ७९ आहे. म्हणून S येतो ६७.५. काळ्या जमिनीत मधली ओल असताना Ia हा S चा दहावा भाग, म्हणजे सुमारे ६.७५, धरण्याची आपल्याकडे शिफारस आहे.

आता अंदाजपत्रकवाल्यांचे गणित. हंगामाचा पाऊस ९०० मिलिमीटर. सूत्रात घातला की अपधाव ८३०. म्हणजे शंभरातले ब्याण्णव भाग पाणी वाहून गेले आणि पिकाने, मातीने, उन्हाने मिळून आठ भाग घेतले! डांबरी अंगणातूनही हंगामभरात एवढे पाणी मिळायचे नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. तेव्हा तळ्याला ८,३०० घनमीटर मिळणार असे कागद सांगतो.

तेच ९०० मिलिमीटर दिवसांत वाटून पाहा. समजा १० मिलिमीटरचे वीस दिवस, २५ चे बारा, ५० चे पाच आणि ७५ चे दोन. पहिल्या वीस दिवसांतून मिळून तीनच मिलिमीटर वाहतात. २५ चा प्रत्येक दिवस जेमतेम चार देतो, ५० चा सतरा, ७५ चा चौतीस. बेरीज होते सुमारे २०३, म्हणजे २,०३० घनमीटर. कागदावरच्या आकड्याचा हा चौथा भागही नाही.

आता पाऊस एक तृतीयांशाने कमी झालेले वर्ष घेऊ: १० चे वीस दिवस, २५ चे दहा, ५० चे तीन; एकूण ६००. अपधाव येतो ९२ ते ९३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ९२५ घनमीटर. पाऊस तिसऱ्या हिश्शाने घटला आणि तळ्याचे पाणी निम्म्याहून अधिक घटले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल नाही. संबंध सरळ रेषेचा नसला की सरासरी पावसाचा अपधाव वेगळा आणि अपधावांची सरासरी वेगळी. पण लाभ-व्यय गुणोत्तर काढताना आपण पहिलीलाच दुसरी मानतो, आणि ज्या वर्षासाठी तळे खणायचे त्या अवर्षणाच्या वर्षाचा हिशेबच करीत नाही.

वरच्या बेरजेतही मी सर्व दिवस मधल्या ओलीचे धरून सवलत दिली आहे. आधीच्या पाच दिवसांत ३५ मिलिमीटरहून कमी पाऊस असेल तर जमीन कोरडी समजतात. ५३ हून अधिक असेल तर ओली. कोरड्या स्थितीत ७९ चा अंक सुमारे ६२ होतो आणि Ia साठी S चे तीन दशांश धरतात. मग ७५ मिलिमीटरच्या पावसातून साडेचारच मिलिमीटर वाहतात. ओल्या स्थितीत अंक ९० च्या घरात जातो आणि त्याच पावसातून ५१ मिळतात. पाऊस एकच, तळ्यात मात्र ४५ घनमीटर किंवा ५१५. जूनमध्ये भेगाळलेले काळे रान पहिला मोठा पाऊस घटाघटा पिते, हे कोणताही माळवी शेतकरी सांगेल. सूत्रही तेच सांगते, विचारले तर.

दुसरी लबाडी अंक निवडण्यात होते. जमीन काळी म्हणून बिनबांधाच्या सरळ ओळींचा ९३ हा अंक घेतात. त्याच गावाच्या दुसऱ्या नस्तीत त्याच शेतावर बांधबंदिस्ती पूर्ण झाल्याचा दाखला असतो! ५० मिलिमीटरच्या पावसात ९३ च्या हिशेबाने ३४ वाहतात, ७९ च्या हिशेबाने १७. बांधांनी शेतात अडवलेले पाणी तळ्यातही दाखवायचे, म्हणजे एकच रुपया दोन खात्यांत जमा करायचा. लेखापरीक्षकाने रोख रकमेच्या बाबतीत हे चालू दिले असते काय?

‘कनिष्ठ अभियंत्याला रोजच्या पावसाचा हिशेब करायला वेळ कुठे?’ हा आक्षेप मला मान्य नाही. तहसीलच्या पर्जन्यमापकाची दैनिक नोंद मिळते. वीस वर्षांच्या नोंदी संगणकाच्या तक्त्यात भरल्या की सूत्र एकदाच लिहायचे असते. तेवढेही नको असेल तर हंगामी पावसावरून अपधाव काढण्यासाठीच स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यातील निरीक्षणांवरून कोष्टक केले होते. ते ढोबळ आहे, पण ज्या कामासाठी केले त्याच कामासाठी वापरता येते.

या आकड्यांचे पुढे काय होते? महाराष्ट्रात २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल आकार ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होता. बाजूंचा उतार एकास एक धरला तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर मावते. एक हेक्टरच्या पाणलोटावर कागदाप्रमाणे ते जवळजवळ चार वेळा भरेल. वरच्या हिशेबाने चांगल्या वर्षी काठोकाठ भरत नाही, वाईट वर्षी अर्धेही नाही. मग प्लॅस्टिक अंथरून कूपनलिकेचे पाणी वर उपसून उन्हात साठवले जाते. भूजल वाढवण्यासाठी दिलेले अनुदान भूजल वाफेवर घालवते.

तांत्रिक मंजुरीच्या नमुन्यात पावसाचा रकाना एकच असेल तर प्रस्ताव परत पाठवावा, आणि आकार निश्चित करताना वीसपैकी पंधरा वर्षे मिळेल एवढेच पाणी धरावे. गावात पहिली दोन तळी झाली की त्यांत मोजपट्टी रोवून, मोठ्या पावसाच्या आधी आणि नंतर पातळी लिहून ठेवावी. चार-पाच पावसांत निवडलेला अंक त्या रानाचा आहे की नुसता कोष्टकाचा, हे कळते. एक हेक्टरवर ९२५ घनमीटरच मिळणार असतील तर हजार घनमीटरचे तळे खणावे. उरलेली जमीन शेतकऱ्याला पेरायला राहते.