चौलचा घोडा आणि दोन मिनिटांचे भाषण

माझा एक जुना विद्यार्थी टुरिस्ट गाइड झाला आहे. दहावीला त्याला मी मराठी शिकवले, घरी बसवून थोडे उर्दूही शिकवले. पुढे तो पुण्याला जाऊन रशियन शिकला. गेल्या महिन्यात त्याने मला एक ध्वनिमुद्रण पाठवले. मुंबईहून एक रशियन बोलणारा गट रेवदंड्याला यायचा होता आणि त्याच्या स्वागताचे भाषण त्याने तयार केले होते. खाली मराठी मजकूर होता. "सर, एकदा बघा. कंपनीने पास केलंय, पण तुम्ही बघा."

मी बघितले, आणि तेव्हापासून डोक्यात राग आहे. राग पोरावर नाही. त्याचे उच्चार छान आहेत, निदान माझ्या कानाला तरी. राग आहे त्या भाषणातून जे काढून टाकले त्यावर, आणि ते काढायला लावणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांवर. त्यातली एक बाजू माझ्याच घरातली आहे.

रेवदंड्याला रशियन माणसे का येतात हे आधी सांगतो, कारण अलिबागकरांनाही ते नेहमी ठाऊक नसते. अफनासी निकितिन हा त्वेर शहराचा व्यापारी 1470 च्या आसपास चौल बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवर्णनाचे नाव 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास'. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. त्याच्या प्रवासावर 1957 साली 'परदेसी' हा सिनेमाही आला होता. ख्वाजा अहमद अब्बास आणि एका रशियन दिग्दर्शकाने तो मिळून केला, त्यात नर्गिस होती.

आता भाषण. सुरुवात 'दब्रो पझालवत्', म्हणजे सुस्वागतम. मग 'अतिथी देवो भव'चे भाषांतर. मग राज कपूर. मग 'हिंदी-रूसी भाई भाई'. मग अशी वाक्ये: भारतात पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय माणूस तुमचा निकितिन होता, तो मैत्रीचा संदेश घेऊन आला, हा समोरचा किल्ला त्याच्या आगमनाचा साक्षीदार आहे, त्याने भारतावर प्रेम केले आणि मायदेशी परतला.

शेवटच्या चार वाक्यांत एकही धड नाही.

पहिला युरोपीय तो नव्हे. मार्को पोलो त्याच्या दोनशे वर्षांआधी येऊन गेला आणि निकोलो कोंती हा व्हेनिसचा व्यापारी निकितिनच्या काही दशके आधी. वास्को द गामाच्या सुमारे पंचवीस-तीस वर्षे आधी आला एवढेच खरे, आणि तेवढे सांगितले तरी पुरेसे आहे. 'मैत्रीचा संदेश' तर कुणीही आणला नव्हता. व्होल्गा नदीवर अस्त्राखानजवळ तातारांनी त्याच्या जहाजाला लुटले, माल गेला, कर्ज डोक्यावर राहिले, रित्या हाताने गावी जायची सोय नव्हती, म्हणून तो पुढे पुढे जात राहिला. दर्बंद, बाकू, मग इराण, आणि शेवटी होर्मुझ. तिथून त्याने एक घोडा जहाजात घातला आणि चौलला आणला. दख्खनच्या सुलतानांना फौजेसाठी घोडे समुद्रमार्गेच लागत, त्यामुळे घोड्याला इथे भाव होता. हा घोडा त्याला शंभर रुबलला पडला होता असे तो स्वतः लिहितो.

किल्ल्याचे तर हसूच येते. गाइडच्या पाठीमागचा तो तट, तो सातखणी मनोरा, सगळे पोर्तुगीजांचे. पोर्तुगीज इथे आले ते सोळाव्या शतकात. निकितिनने पाहिले ते बहमनी राज्यातले बंदर; तो तट तेव्हा नव्हताच. आणि तो मायदेशी पोहोचलाच नाही. परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेत वारला, वह्या तेवढ्या पोहोचल्या. त्वेरहून आलेल्या माणसाला हे शाळेपासून पाठ असते. पाहुण्याला त्याच्याच माणसाचा मृत्यू चुकीचा सांगायचा, हे कसले स्वागत?

पण चुका दुरुस्त होतात. खरी गोष्ट भाषणात नसलेल्या भागाची आहे.

चौलहून निकितिन जुन्नरला गेला. पावसाळा तिथेच काढला. खडकावरच्या त्या शहराला चढायची वाट एवढी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल, असे तो नोंदवतो. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन आहे, हे कळल्यावर खानाने अट घातली: आमचा दीन स्वीकार, घोडाही देतो आणि एक हजार सोन्याची नाणीही देतो, नाही स्वीकारलास तर घोडा तर जाईलच, वर तुझ्या डोक्याचे हजार घेईन. मुदत चार दिवसांची. परदेश, पाऊस, खिशात काही नाही, आणि एकुलता एक घोडा खानाच्या तबेल्यात. मुदत संपायच्या सुमारास एक खुरासानी आला, नाव मुहम्मद. निकितिनने त्याच्यापुढे हात जोडले. तो मुहम्मद खानाकडे गेला, रदबदली केली, धर्म बदलायची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. निकितिन याला देवाची करणी म्हणतो.

हा सगळा प्रसंग कंपनीने काढायला लावला. कारण काय, तर "धार्मिक विषय नको". पोराने मुकाट्याने काढला. मी त्याला फोन करून बोललो, तेव्हा आमच्या ओळखीतले एक वडीलधारे बाजूला बसले होते. ते म्हणाले, "सर, बरंच झालं काढलं ते. आधीच लोक आपल्याबद्दल काय काय बोलतात. आता रशियातून आलेल्यांनाही आपणच सांगायचं की मुसलमान खानानं जबरदस्ती केली?"

चाचांचा आदर राखून सांगतो, हे मला पटत नाही. खानाने धमकी दिली ही गोष्ट खरी आहे, आणि ती ज्याच्यावर गुदरली त्यानेच लिहिली आहे. 'ला इकराहा फिद्दीन', दीनमध्ये जबरदस्ती नाही, असे आपण मुलांना शिकवतो. मग ज्या खानाने जबरदस्ती केली त्याला झाकायची जबाबदारी आपल्यावर कुणी टाकली? तो खान माझा कोण लागतो? आणि झाकून मिळते काय? खानाबरोबर तो खुरासानीही झाकला जातो. ज्या मुहम्मदने एका परक्या ख्रिस्ती माणसासाठी सत्तेच्या दारात जाऊन शब्द टाकला, तोही भाषणातून गेला. खान लपवायच्या नादात आपण आपला माणूस गमावला.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. हा प्रसंग अर्धाच सांगणारे भेटतात. खान, धमकी, हजार नाणी इथे त्यांची गोष्ट संपते. खुरासानी कधी येतच नाही. 'धार्मिक विषय नको' म्हणणारे, लाजून झाकणारे आणि अर्धवट सांगणारे, तिघांच्याही भाषणात मुहम्मद खुरासानीला जागा नाही.

अजून एक कडू घास आहे, तोही गिळू. निकितिन मुसलमान व्यापाऱ्यांना एका ठिकाणी कुत्रे म्हणतो. त्यांनी त्याला सांगितले होते की हिंदुस्थानात तुमच्या देशात खपेल असा माल भरपूर आहे. इथे येऊन बघतो तर त्याच्या कामाचे काही नाही. फसलेला, कर्जबाजारी व्यापारी शिवी देतो. मुसलमानासाठी तो 'बेसेरमेन' हा शब्द वापरतो. आपल्याच 'मुसलमान' या शब्दाने तुर्कांच्या तोंडून रशियनमध्ये जाताना घेतलेले हे रूप. त्याचेच आजचे रूप 'बासुरमान' रशियनमध्ये हिणवायला वापरतात, असे माझा विद्यार्थी सांगतो. म्हणून त्याला मी बजावले की निकितिनचा जुना शब्द भाषणात जसाच्या तसा उचलू नकोस, आजचा 'मुसुलमानिन' वापर.

आणि शिव्या देणारा हाच माणूस बीदरला स्वतःला ख्वाजा यूसुफ खुरासानी म्हणवून घेत होता. हिंदूंशी ओळख झाल्यावर मात्र त्याने त्यांना सांगून टाकले की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. मग त्यांनी त्याच्यापासून आपले जेवण, पूजा, काही लपवले नाही. पुस्तकाच्या अखेरीस तो प्रार्थना लिहितो. लिपी रशियन, पण शब्द अरबी. उर्दूच्या शिक्षकाला ते वाचायला रशियन यावी लागत नाही, कुणी उच्चार करून दाखवला की पुरे: आधी बिस्मिल्लाह, मग सूरह हश्रच्या शेवटी येणारी अल्लाहची नावे एकामागून एक, आणि त्यातच 'ईसा रूहुल्लाह'ला सलाम. विद्यार्थ्याने फोनवर ते वाचून दाखवले तेव्हा मी त्याला दोनदा वाचायला लावले. त्याच्या श्रद्धेचे नेमके काय झाले यावर विद्वान भांडतात, भांडोत. स्वागताच्या भाषणात तो निवाडा करायची गरज नाही.

एक बारीक गोष्ट राहिली, पण ती मला महत्त्वाची वाटते. भाषणात पाहुण्यांना 'रूस्किये' म्हटले होते. रशियन बोलणारा गट म्हणजे सगळे वंशाने रशियन नव्हेत. कझाक असतील, उझबेक असतील, काझानचे तातार असतील, म्हणजे आपल्यासारखेच कलमा पढणारे. 'रूस्किये' म्हणजे वंशाने रशियन. 'रसियान्ये' म्हणजे रशियाचे नागरिक, पण त्यातही कझाक आणि उझबेक बसत नाहीत. 'दरागीये गोस्ति', प्रिय पाहुणे, म्हटले की सगळे आले. 'तुमचा निकितिन' असेही म्हणू नये, कारण त्याला व्होल्गावर लुटणारे तातार होते आणि समोर एखादी तातार आजी उभी असू शकते. लुटीची गोष्ट सांगावी, पण 'अस्त्राखानच्या सुलतानाच्या लोकांनी' एवढेच म्हणावे. खोटे काही नाही आणि आजीला मान खाली घालावी लागत नाही.

तर मी त्याला लिहून दिलेला मजकूर असा. सावलीत, स्मारकाजवळ उभे करून सांगायचा, दोन मिनिटांत बसतो:

"प्रिय पाहुणे, सुस्वागतम. साडेपाचशे वर्षांपूर्वी एक कर्जबाजारी व्यापारी एक घोडा घेऊन इथल्या बंदरात उतरला. मागे दिसणारा तट तेव्हा नव्हता, तो नंतर पोर्तुगीजांनी बांधला. इथून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा हिसकावला आणि म्हणाला, मुसलमान हो. मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने मध्ये पडून त्याचा धर्मही वाचवला आणि घोडाही. तो घोडा पुढे बीदरला विकला गेला. व्यापारी घरी पोहोचला नाही, त्याच्या वह्या पोहोचल्या, म्हणून तुम्ही आज इथे आहात. पाणी जवळ ठेवा, तटावर दगड सुटलेले आहेत, चाळीस मिनिटांनी याच झाडाखाली भेटू."

पोराने त्याचे रशियन केले. कंपनीने खान आणि खुरासानी दोघांवर पुन्हा लाल रेघ मारली. गट आला त्या दिवशी त्याने कोणते भाषण केले हे मी विचारले. म्हणाला, "सर, राज कपूर काढला, घोडा ठेवला." मग थोडा थांबून म्हणाला, "एका बाईंनी विचारलं, त्या मुहम्मदचं पुढं काय झालं? मला सांगता आलं नाही."

मलाही येत नाही. निकितिनने लिहिलेले नाही.