झोळीत बोललेला शब्द



डोंगरातल्या पाड्यावर रात्री कुणावर कुऱ्हाड चालली, तर त्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथून गाडी मिळाली तर मोलगीचा दवाखाना, तिथं भागलं नाही तर अक्कलकुवा, नाहीतर नंदुरबार. या वाटेवर जखमी माणूस बोलतो. कुणी मारलं, का मारलं, ते खांद्यावर झोळी घेतलेल्या चौघांना सांगतो. पहाटे तो मरतो. मग गावात एकच बोललं जातं : आता बोलणाराच गेला, पाहणारा कुणी नव्हता, केस उभी कशी राहणार? बऱ्याच वेळा झोळीवाले पोलिसांकडे जातही नाहीत. आम्ही तर डोळ्यानं काही पाहिलं नाही, असं त्यांना वाटतं.

हे वाटणं निम्मं बरोबर आहे, निम्मं चूक. या अंकात आम्ही त्याबद्दलच लिहितो.

बरोबर ते असं. कोर्टात ऐकीव गोष्ट सहसा चालत नाही. "मला अमक्याने सांगितलं" असं साक्षीदार म्हणाला की वकील लगेच उठतो. कारण ज्यानं खरं पाहिलं तो पिंजऱ्यात नाही. त्यानं शपथ घेतली नाही, त्याची उलटतपासणी झाली नाही. उजेड किती होता, तू किती लांब होतास, तुझं त्याच्याशी आधीचं भांडण होतं का, हे त्याला विचारता येत नाही. हा नियम आपल्याविरुद्ध केलेला नाही. खोट्या केसेसमध्ये आपल्याच माणसांना तो वाचवतो. "गावात असं बोललं जातं" एवढ्यावर कुणाला जन्मठेप व्हायला लागली, तर डाकीण म्हणून बोट दाखवलेल्या बाईचं काय होईल, ते आपल्याला सांगायला नको.

चूक ते असं. ज्याला विचारायचं तोच मेला असेल, तर कायदा या नियमाला वाट ठेवतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 32 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम 26 आहे. माणसानं आपल्या मरणाच्या कारणाबद्दल, किंवा ज्या घटनेतून मरण आलं तिच्याबद्दल काही सांगितलं असेल, तर ते कोर्ट ऐकतं. याला मृत्युपूर्व जबाब म्हणतात. कारणं दोन दिली जातात. एक, मरणाच्या दारात माणूस सहसा खोटं बोलत नाही. दुसरं, आणि आमच्या मते खरं कारण हेच, की ते ऐकलं नाही तर मारणाऱ्याला एकट्यात गाठून मारल्याचं बक्षीसच मिळेल.

हे आपल्याच राज्यातल्या एका केसमधून समजून घेऊ. खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य, असं तिचं नाव. घटना नागपूरची, गिरणी भागातली, 12 फेब्रुवारी 1956 च्या रात्रीची. दोन टोळ्यांचं वैर होतं. एका माणसाला गल्लीत गाठून तलवारी-भाल्यांनी मारलं. घरच्यांनी त्याला मेयो हॉस्पिटलात नेलं. तिथं डॉक्टरनं विचारलं, कुणी मारलं? त्यानं दोन नावं सांगितली, आणि डॉक्टरनं ती तिथल्या तिथे केसपेपरवर लिहिली. मग फौजदार आला, त्यानं सवाल-जबाब लिहून घेतला. रात्री सव्वाअकराच्या सुमाराला मॅजिस्ट्रेट आले. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत आहे याची त्यांनी डॉक्टरकडून खात्री केली आणि जबाब घेतला, वीसेक मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस मेला.

तीन जबाब, तीन वेगळी माणसं घेणारी, आणि तिन्हींत तीच दोन नावं. तरी दोघांचं एकसारखं झालं नाही. एकाची शिक्षा कायम राहिली. दुसऱ्याला हायकोर्टानं सोडलं, कारण त्याच नावाची आणखी माणसं त्या वस्तीत राहत होती आणि मयतानं म्हटलेला हाच तो, याची पक्की खात्री होत नव्हती.

हे आपण नीट लक्षात घेतलं पाहिजे. आपल्याकडे एका पाड्यावर एकाच नावाचे चार जण निघतात, आडनावही तेच. मरणारा नुसतं नाव घेतो, कारण ऐकणाऱ्याला माहीत असतं तो कुणाबद्दल बोलतोय. कोर्टाला ते माहीत नसतं. म्हणून जवळच्या माणसानं तेवढंच विचारावं : कोणता? कुणाचा पोरगा? कोणत्या पाड्याचा? पण नाव आपण सुचवायचं नाही. "तो अमकाच ना?" असं विचारलं आणि जखमीनं मान हलवली, तर वकील म्हणणार, नाव तर यांनीच तोंडात घातलं. आणि त्याचं म्हणणं वावगं ठरणार नाही.

खुशाल रावची केस सुप्रीम कोर्टात गेली. त्याचं म्हणणं होतं, नुसत्या मेलेल्याच्या बोलण्यावर फाशी कशी? आधीच्या एका निकालात तसं म्हटलंही होतं, की दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर अशा जबाबावर शिक्षा देणं धोक्याचं. सप्टेंबर 1957 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही. जबाब खरा वाटला तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, असा निकाल दिला. पण जबाब खरा आहे हे कसं पाहायचं, तेही सांगितलं. मारणारा दिसला असेल का? रात्र असेल तर उजेड होता का? लागल्यावर त्याला आठवण्याची ताकद उरली होती का? अनेकदा सांगितलं असेल तर दर वेळी तेच सांगितलं का? आणि पहिली संधी मिळताच सांगितलं, की नातेवाईकांनी बसवून पढवल्यावर? मॅजिस्ट्रेटनं सवाल-जबाबाच्या रूपात, शक्यतो मरणाऱ्याच्याच शब्दांत लिहिलेला जबाब सगळ्यात वजनदार. नुसता तोंडी, लोकांच्या आठवणीवर चालणारा, त्याहून बराच हलका.

झोळीतला शब्द या दुसऱ्या जातीचा. तो टाकाऊ नाही. जबाब मॅजिस्ट्रेटनंच घ्यावा असं कायद्यात नाही. डॉक्टर, पोलीस पाटील, शिक्षक, शेजारी, कुणापुढेही बोललेलं चालतं. पण सहा महिन्यांनी, वर्षांनी ते चौघं पिंजऱ्यात उभे राहतात, आणि चौघांचे शब्द चार होतात. एक म्हणतो कुऱ्हाड, दुसरा म्हणतो धाऱ्या. तिथंच केस फाटते. म्हणून चौघांतल्या एकाला लिहिता येत असेल तर त्याच रात्री कागदावर लिहावं. काय विचारलं, काय उत्तर आलं, किती वाजले, वाट कुठली, कोण कोण होतं. पावरीत बोलला तर पावरीतच, जसे शब्द कानावर पडले तसे. मराठी करण्याच्या भरात अर्थ बदलतो. आणि पोलिसांत गेल्यावर पहिल्याच जबाबात हे सांगावं. महिन्यानं आठवलं म्हटलं की संशय येतो.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरला सांगावं की पेशंट बोलतोय, त्याचा जबाब घ्यायला कळवा. पोलीस पत्र देतात, आणि बहुतेक वेळा नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून येतात. ते आले की घरच्यांनी बाहेर जावं. राग येतो, आम्हाला समजतं. पण आई-बाप खाटेजवळ उभे होते एवढ्यावरूनही जबाबाला पढवलेपणाचा वास येतो. साहेबाला पावरी किंवा भिली येत नसेल तर दुभाषी मागावा. तो घरचा नसावा. त्याचं नाव कागदावर यावं, आणि लिहिलेलं जखमीला त्याच्या बोलीत वाचून दाखवलं, असंही यावं. बोली एक आणि कागदाची भाषा दुसरी, एवढ्याच कारणानं जबाब फेकला जात नाही.

बोलताच येत नसेल तर? 1885 मध्ये अलाहाबाद हायकोर्टापुढे गळा कापलेल्या एका मुलीची केस आली. तिला आवाज नव्हता. विचारलेल्या प्रश्नांना तिनं हाताच्या खुणेनं उत्तर दिलं होतं. कोर्टानं प्रश्न आणि खुणा मिळून जबाब मानला. फक्त प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक खूण लिहिलेली हवी.

डॉक्टरच्या दाखल्यावरूनही पुष्कळ वर्षं घोळ होता. "शुद्धीवर आहे" एवढंच लिहिलं आणि "जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे" हे लिहिलं नाही, म्हणून जबाब बाद झालेले आहेत. 2002 मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये पाच न्यायाधीशांनी हे मिटवलं. जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री झाली असेल आणि ती कोर्टाला पटली, तर दाखल्यावाचूनही जबाब चालतो. तरी दाखला मागावाच.

जळालेल्या बायांच्या केसमध्ये वेगळीच अडचण येते. पहिल्या जबाबात ती म्हणते, चूल भडकली. दुसऱ्या दिवशी आई आल्यावर म्हणते, नवऱ्यानं पेटवलं. कोर्टापुढे दोन जबाब, एकमेकांविरुद्ध. दुसरा नेहमी खरा, असं धरता येत नाही. पहिल्या वेळी खाटेजवळ कोण होतं, दुसऱ्या वेळी कोण होतं, अंगावरच्या जखमा आणि घरातला पंचनामा कोणत्या जबाबाशी जुळतो, यावर ते ठरतं. म्हणून पहिला जबाब सासरच्या माणसांना बाहेर काढूनच व्हायला हवा, यासाठी गावच्या बायांनी दवाखान्यात अडून बसावं.

मार बसायच्या आधी बोललेलंही काही वेळा चालतं. 1937 मध्ये एक माणूस बायकोला सांगून निघाला, की अमक्याच्या घरून पत्र आलंय, माझे पैसे द्यायला बोलावलंय, बेहरामपूरला जातो. दोन दिवसांनी पुरी स्टेशनवर एका पेटीत त्याचं प्रेत सापडलं. 1939 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं बायकोचं ते सांगणं पुराव्यात घेतलं. माणूस बेपत्ता झाला तर निघताना तो काय म्हणाला, ते पहिल्याच तक्रारीत लिहा. आणि जखमी वाचला तर? मग तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही, त्यानं स्वतः कोर्टात येऊन सांगावं लागतं.

जमिनीचं आता थोडक्यात, कारण त्याच कलमात आपल्या कामाचं आणखी आहे. गावाचा सार्वजनिक हक्क किंवा रूढ, आणि कोण कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, याबद्दल मेलेल्या माणसानं सांगितलेलंही कोर्ट ऐकतं. मुख्य अट अशी, की ते वाद सुरू होण्याआधी सांगितलेलं पाहिजे. वनहक्क दाव्यात तर 2008 च्या नियम 13 प्रमाणे वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा पुरावाच आहे, फक्त तो म्हातारा स्वतः दावेदार नसावा. गावातले जे बाबा-आजी खळं, चराई, देवाची जागा, शेताचे जुने दगड अजून बोटानं दाखवू शकतात, त्यांची निवेदनं वनहक्क समितीनं या उन्हाळ्यात लिहून घ्यावीत. तारीख, त्यांचं अंदाजे वय, त्यांच्या बापाचं नाव, कोणत्या नाल्यापासून कोणत्या झाडापर्यंत, आणि त्यांनी हे कुणाकडून ऐकलं. वाचून दाखवून अंगठा घ्यावा, ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. एक प्रत समितीच्या दप्तरात, एक त्यांच्या घरी.