वर्तुळातला आकडा आणि बाजूचे स्तंभ

वर्तमानपत्र असो की वर्गातला प्रकल्प, हल्ली आकडेवारी म्हटली की मेदुवड्यासारखी एक आकृती हटकून दिसते. गोल कडे, त्याचे रंगीत तुकडे आणि मधल्या भोकात ठसठशीत अक्षरांत एकूण संख्या. तिला डोनट आलेख म्हणतात. दहावीच्या बीजगणितात आपण जो वृत्तालेख काढला, त्याचाच हा मधून पोखरलेला भाऊ. माझे स्पष्ट मत असे की, ही आकृती एका विशिष्ट प्रश्नालाच उत्तर देते. इतर वेळी साधा स्तंभालेखच काढावा.

उदाहरण आपल्याच राज्याचे घेऊ. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४, काँग्रेसला ४४ आणि इतर पक्ष व अपक्ष मिळून २९ जागा मिळाल्या. वर्तुळाचे ३६० अंश २८८ जागांत वाटले की एका जागेला सव्वा अंश येतो. म्हणजे शिवसेनेला ७० अंश, राष्ट्रवादीला साडेसदुसष्ट. आता रंगीत कड्याकडे पाहून सांगा, यांत मोठा कोण? आमच्या घरी वर्तमानपत्र वाचले जाते, पण आलेख वाचायला कोणी कोणाला शिकवलेले नाही. तिथे हा प्रश्न विचारला तर उत्तर येईल, “दोघे सारखेच.” आणि ते चूक म्हणता येणार नाही, कारण आकृती तसेच सांगते.

कोणी म्हणेल, फरकच दोन जागांचा, तो दिसणार कसा? पण पाच सेंटिमीटर त्रिज्येचे कडे काढले तर बाहेरच्या कडेवर दोन जागांचा फरक सुमारे दोन मिलिमीटर भरतो. एका जागेला एक मिलिमीटर धरून स्तंभ काढले, तरी फरक दोनच मिलिमीटरचा. मग स्तंभात तो चटकन दिसतो आणि कड्यात का दिसत नाही? कारण स्तंभ एकाच पायरेषेवर उभे असतात. शेजारी उभ्या मुलांची उंची पाहावी तशी फक्त डोकी पाहायची. कड्यातले तुकडे मात्र वाकलेले आणि वेगवेगळ्या दिशांना वळलेले. त्यांत मधला भाग कापल्यामुळे कोनाचा शिरोबिंदूही गेला. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांवरून हेच दाखवले, की सामाईक मोजपट्टीवरची जागा डोळा अचूक ओळखतो, कोन ओळखताना मात्र अधिक चुकतो. अर्थात स्तंभ शून्यापासून सुरू झाले पाहिजेत. ५० पासून सुरू केले तर ५६ चा स्तंभ ५४ च्या दीडपट दिसेल, आणि ती लबाडी कड्यापेक्षा वाईट.

मग कडे निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. २०१९ च्या निकालानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : १४५ कोण गाठणार? हा प्रश्न अर्ध्याचा आहे आणि अर्धे वर्तुळ डोळ्याला सहज कळते. भाजप आणि शिवसेना शेजारी ठेवले की १६१, अर्ध्याच्या पुढे. शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस एकापाठोपाठ आले की १५४, तेही अर्ध्याच्या पुढे. मध्यातून फूटपट्टी ठेवून पाहावे. इथे मधला २८८ हा आकडा शोभेचा नाही, अर्धे कशाचे ते तो सांगतो. हे स्तंभांतून दिसत नाही, मनात बेरीज करावी लागते. पण याच कड्यात भाजप आणि राष्ट्रवादी यांची बेरीज १५९ होते हे लपते, कारण ते तुकडे शेजारी नाहीत. म्हणजे तुकड्यांचा क्रम लावणाराच अर्धे उत्तर ठरवतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

भाग दोनच असतील तर कडे निर्धोक. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १२४ लाख होती. त्यांपैकी साडेत्र्याण्णव लाखांहून अधिक लोक आपल्या मालाडसह उपनगर जिल्ह्यात होते. पाऊण कडे एका रंगाचे, मध्ये एकूण आकडा. आणखी काही नको. उलट २०२४ च्या विधानसभेचे कडे काढायचे तर ५७, ४१, २०, १६, १० असे तुकडे बारीक होत जातात, नावे आत मावत नाहीत, आणि रंगांची यादी नि कडे यांत डोळ्यांची येरझार सुरू होते. तिथे आडवे स्तंभ काढून डावीकडे पक्षाची नावे लिहावीत, उतरत्या क्रमाने.

एक घोटाळा मात्र आपल्या महाविद्यालयीन सर्वेक्षणांत हमखास होईल असा आहे. समजा, ६० विद्यार्थ्यांना विचारले, “कॉलेजला कशाने येता?” लोकलने ४०, बेस्टच्या बसने ३०, चालत १५. बेरीज ८५, कारण मालाड स्टेशनला उतरून बस धरणारे दोन्हींत मोजले गेले. कडे काढले तर मध्ये काय लिहायचे? ६० लिहिले तर तुकडे जुळत नाहीत आणि ८५ लिहिले तर तेवढे विद्यार्थीच नाहीत. तुकड्यांची बेरीज मधल्या आकड्याइतकी होत नसेल तर ते कडे रद्द समजावे. तिथे तीन स्तंभ काढावेत आणि वर लिहावे : विचारलेले विद्यार्थी ६०, एकाहून अधिक उत्तरे चालतील.