वाचनालयाच्या फलकावरील पाच प्रश्न

कोणत्याही संकेतस्थळाविषयी विचारावयाचे पाच प्रश्न वाचनालयाच्या सूचनाफलकावर असावेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अशा फलकांवर सामान्यतः जे प्रश्न आढळतात, ते आम्हांस अपुरे वाटतात. लेखकाचे नाव दिले आहे काय? संपर्काचा पत्ता आहे काय? मांडणी नीटनेटकी आहे काय? या सर्वांची उत्तरे ते पानच देते, आणि फसविणारा मनुष्य ही उत्तरे तयार ठेवूनच बसलेला असतो. आरोपीच्याच जबानीवरून निकाल द्यावा, तसा हा प्रकार होय. यास्तव फलकावरील प्रश्न वाचकाला त्या पानाबाहेर नेणारे असावेत, असे आमचे मत आहे.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. नीरा डाव्या कालव्याच्या या ऊसपट्ट्यात पंपावाचून शेती नाही. शेतकऱ्यांना सौर पंप देणारी केंद्र सरकारची 'पीएम-कुसुम' योजना 2019 मध्ये निघाली, आणि पाठोपाठ तिच्या नावाची खोटी संकेतस्थळेही निघाली. लोकांकडून पैसे व माहिती गोळा करणाऱ्या या संकेतस्थळांविषयी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार इशारे द्यावे लागले. घरचा अर्ज मोबाइलवर बहुधा विद्यार्थीच भरतो. म्हणून हे प्रश्न त्याच्यासाठीच आहेत.

1. पत्त्याचा शेवट कशाने होतो? `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्यावा व तो उजवीकडून डावीकडे वाचावा. समजा, एखादा पत्ता `www.onlinekusumyojana.org.in` असा आहे. यात योजनेचे नाव आहे खरे, परंतु ते कोणालाही घालता येते. `org.in` हा शेवटही सरकारी नव्हे. `gov.in` हा शेवट मात्र सरकारी कार्यालयांनाच मिळतो. पत्त्याजवळील कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. मधल्या वाटेत मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही.

2. या पानाची ओळख दुसरा कोण देतो? पहिला प्रश्न एकटा पुरत नाही. महाराष्ट्रात या योजनेचे अर्ज पूर्वी महाऊर्जा या राज्य संस्थेच्या `kusum.mahaurja.com` येथे घेतले जात. त्याचा शेवट `com` असूनही ते खरे होते. मग ओळखावे कसे? ते पान बाजूस ठेवून मंत्रालयाचे `mnre.gov.in` स्वतः टंकून उघडावे, आणि तेथून राज्याच्या संस्थेपर्यंत जावे. शोधयंत्राने सर्वांत वर दाखविलेला दुवा पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. ती साक्ष नव्हे.

3. हे केव्हाचे आहे? खरे पानही शिळे होते. 2024 मध्ये राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू झाली व तिचे काम महावितरणकडे आले. त्यापूर्वीचा लेख कितीही प्रामाणिक असला, तरी तो वाचकाला जुन्याच दारी नेऊन उभा करील.

4. मूळ कागद कोठे आहे? 'शासनाने ठरविले आहे' असे लिहिलेले आढळल्यास शासन निर्णय मागावा. त्याच्या शेवटी तो `www.maharashtra.gov.in` येथे उपलब्ध असल्याचे सांगून संकेतांक दिलेला असतो. तो तेथे घालून पाहावा. निर्णय सापडला, तर पानावरील आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. न सापडला, तर पानावर विश्वास ठेवू नये.

5. हे पान आपल्यापासून काय मागते, आणि केव्हा? सौर पंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा पाच टक्के असतो. तो भरावयाचा असतो अर्जाची छाननी झाल्यावर. म्हणून कागदपत्रे तपासण्यापूर्वीच जो घाईने रक्कम मागतो, अथवा मोबाइलवर आलेला गुप्त अंक सांगा म्हणतो, त्याच्यापाशी क्षणभरही थांबू नये.

या पाचांपैकी दुसरा प्रश्न आम्ही फलकावर मोठ्या अक्षरांत लिहू. इतर प्रश्नांना हुशार लबाड काही काळ तोंड देऊ शकेल. पत्ता साळसूद दिसेलसा निवडता येतो, तारीख कालची घालता येते, पैसे दुसऱ्या दिवशी मागता येतात. परंतु मंत्रालयाच्या पानावरून स्वतःकडे वाट काढणे त्याच्या हाती नाही. ज्या विद्यार्थ्यास वेळ थोडा आहे, त्याने निदान एवढे करावे: पान आवडले की ते वाचीत न बसता प्रथम बाजूस ठेवावे, आणि त्याच्याविषयी दुसऱ्याला विचारावे.